‘पाणी कमी झालंय’ ते संशोधनप्रश्न : दूध संस्थेतल्या कर्मचाऱ्याने हवामान अनुकूलनाच्या मास्टर्ससाठी एसओपी कसं लिहावं

सहकारी संस्थेत काम करणाऱ्यांची एसओपी, म्हणजे विद्यापीठाच्या अर्जासोबत जोडायची स्टेटमेंट ऑफ पर्पज, मी वाचतो तेव्हा पहिला परिच्छेद बहुतेक एकसारखा असतो. हवामान बदलामुळे आमच्या भागात पाणीटंचाई तीव्र झाली आहे, विहिरी आटल्या आहेत, टँकर येतात, शेतकरी हवालदिल आहेत, म्हणून मला या विषयाचा अभ्यास करायचा आहे. यात खोटं काही नसतं. पण हा परिच्छेद त्या भागात कधीही न गेलेला माणूसही लिहू शकला असता. संस्थेच्या खिडकीमागे सहा वर्षं बसून जे दिसतं, ते त्यात कुठेच नसतं.

या लेखात एकच गोष्ट सावकाश पाहू : टंचाईची तक्रार संशोधनप्रश्नापर्यंत कशी न्यायची. त्यासाठी एक अर्जदार कल्पू. तो दूध उत्पादक संस्थेत हिशेब आणि कर्जवाटप पाहतो. संस्थेचे २१२ सभासद, भाग कठीण खडकाचा, पाणी विहिरी आणि बोअरवेलचं. पुढचे संस्थेचे आकडे मासल्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून येतील.

आधी ठरवा : कुठलं पाणी, कुणाचं, कधी

‘टंचाई’ या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पाऊसच कमी पडणं ही एक. पाऊस पुरेसा पडूनही दोन सरींमधला खंड लांबल्याने जमिनीतली ओल तुटणं ही दुसरी. विहीर-ओढ्याची पातळी खाली जाणं ही तिसरी. आणि पाणी आहे, पण खोल बोअर घेण्याची ऐपत असलेल्यालाच मिळतं, ही चौथी. चारही एकाच वर्षी आल्या तरी त्यांची कारणं वेगळी असतात, त्यामुळे उपायही वेगळे लागतात.

आपल्या अर्जदाराला विचारलं, ‘टंचाई म्हणजे नेमकं काय होतं?’ पहिलं उत्तर आलं, ‘उन्हाळ्यात दूध घटतं.’ हे उत्तर चांगलं आहे, कारण ते त्याच्या रजिस्टरमधून आलं. पण दूध घटायला पाण्याशिवाय इतर कारणंही असतात. उष्णतेच्या ताणाने जनावर कमी खातं आणि दूध कमी देतं. गाभण काळ आणि विण्याचा हंगाम ठरावीक महिन्यांत येतो. दर पटला नाही तर सभासद दूध दुसरीकडे घालतो, तेव्हा गाईचं दूध तेवढंच राहतं आणि संकलन मात्र घसरतं. म्हणून ‘दूध घटलं, म्हणजे पाणी घटलं’ असं लिहिलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो. याउलट ही तीन कारणं अर्जदाराने स्वतःच मांडली आणि ती कशी वेगळी काढणार ते एका वाक्यात सांगितलं, तर त्याच जागी वाचकाचा विश्वास बसतो.

मग त्याला दुसरा प्रश्न विचारला : ‘उन्हाळ्यात सभासद संस्थेकडे काय मागायला येतात?’ तो म्हणाला, ‘आधी खुराकासाठी उचल मागायचे. आता बोअरसाठी कर्ज मागतात.’ या उत्तरात विषय सापडला.

संस्थेची वही आणि टेप

अर्जाआधीच्या तीन-चार आठवड्यांत संशोधन पुरं करायचं नसतं. प्रश्न खरा आहे एवढं दाखवण्यापुरता पुरावा गोळा करायचा असतो. त्यासाठी तीन ठिकाणी पाहावं लागतं.

पहिलं ठिकाण संस्थेची कागदपत्रं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ, पशुखाद्याची विक्री, दिलेली कर्जं आणि त्यांचं कारण. हे सगळं सभासदवार आणि तारीखवार लिहिलेलं असतं. संशोधकाला अशी नोंद मिळवायला बराच काळ लागतो, आणि तुम्ही ती रोज स्वतःच्या हाताने भरता. मात्र ती तुमची खासगी मालमत्ता नाही. संचालक मंडळाचा ठराव घेऊन, नावं काढून, सभासद क्रमांकाच्या जागी दुसरे क्रमांक टाकूनच ती वापरायची. ‘मंडळाने लेखी परवानगी दिली आहे’ हे पाच शब्द एसओपीत आले, तर तुम्हाला संशोधनाची शिस्त कळते हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं ठिकाण विहीर. दहा-बारा विहिरी निवडा, पण सगळ्या ओढ्याकाठच्या नकोत आणि सगळ्या माळावरच्याही नकोत. टेपला वजन बांधा, पहाटे पंप सुरू होण्याआधी मोजा, आणि काठावर रंगाने एक खूण करून दर वेळी तिथूनच मोजा. काठाची जमिनीपासूनची उंची वजा करायला लोक विसरतात. त्यामुळे एक विहीर मीटरभर खोल दिसते आणि शेजारच्या विहिरीशी तुलना फसते. पंप बंद होऊन किती तास झाले तेही लिहा. नुकताच पंप चालला असेल तर तुम्ही मोजता तो उपशाने पडलेला खड्डा. भूजलाची स्थिर पातळी त्यातून कळत नाही. शेजारच्या दोन विहिरींत अचानक चार-पाच मीटरचा फरक दिसला, तर आधी हीच शंका घ्या.

तिसरं ठिकाण पाऊस. जवळच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर उपग्रह आणि जमिनीवरची मापकं जोडून तयार केलेला चर्प्स हा आकडेसंच मोफत मिळतो. तो १९८१ पासूनचा आहे आणि त्याचा एक चौकोन साधारण ५ किलोमीटरचा असतो. ग्रेस उपग्रहाच्या भूजलाच्या नकाशाचा मोह मात्र टाळा. तो शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल बोलतो. गावच्या विहिरीसाठी तो वापरायचा म्हणजे जिल्ह्याच्या सरासरीवरून एका माणसाचा ताप सांगण्यासारखं होईल.

पावसाची फक्त वार्षिक बेरीज पाहू नका. पावसाचे दिवस किती होते, सगळ्यांत लांब कोरडा खंड किती दिवसांचा होता आणि शेवटचा चांगला पाऊस कधी झाला, हे तीन रकाने वेगळे करा. समजा, आपल्या अर्जदाराला दिसलं की तीस वर्षांत बेरजेचा कल स्पष्ट नाही, मधले खंड थोडे लांबले आहेत, आणि विहिरी मात्र गेल्या दहा वर्षांत पूर्वीपेक्षा महिनाभर आधी तळ गाठू लागल्या आहेत. म्हणजे पावसाने सगळं कोडं सुटत नाही. मग दुसरं काय बदललं?

एक हिशेब, पाटीवरचा

इथे थांबून गुणाकार-भागाकार करू. एसओपीत याच्या दोनच ओळी जातील, पण प्रश्नाला धार इथेच येते.

कठीण खडकाच्या भागात जमिनीखालचा भाग पाण्याने भरलेला असला, तरी त्यातलं निचरून हाती येणारं पाणी फार थोडं असतं. आकारमानाच्या १ ते ३ टक्के धरण्याची पद्धत आहे. आपण २ टक्के धरू. पावसाळ्यानंतर विहिरीत पाणी ९ मीटरवर होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी १४ मीटरवर गेलं. पातळी ५ मीटर उतरली. ५ मीटरचे २ टक्के म्हणजे १०० मिलिमीटर पाणी. एक हेक्टर जमिनीखाली ते १,००० घनमीटर भरतं.

आता वापर पाहू. कडक उन्हात बारमाही हिरव्या चाऱ्याला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एक हेक्टरला रोज ५० घनमीटर, ९० दिवसांत ४,५०० घनमीटर. म्हणजे एक हेक्टर चारा उन्हाळाभर हिरवा ठेवायचा, तर साडेचार हेक्टरखालची पातळी ५ मीटरने उतरवावी लागते. चाऱ्याला दिलेलं थोडं पाणी परत मुरतं, तर थोडं वाटेत वाया जातं. ते दोन्ही इथे सोडून दिलं आहे.

आणि जनावरांचं पिणं? दुभती गाय उन्हात रोज ८० लिटर पिते असं धरलं, तर १०० गाईंना ८ घनमीटर लागतात. एका हेक्टर चाऱ्याच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. टँकरपुढे उभ्या तहानलेल्या गाईचा फोटो टंचाईच्या प्रत्येक बातमीत असतो, पण भूजलाचा मोठा हिस्सा तिच्या तोंडातून जात नाही. तो गव्हाणीतल्या हिरव्या चाऱ्यात जातो.

कर्जवही उघडल्यावर पुढचं दिसतं. चारा लागवड आणि ठिबकसाठी संस्थेनेच ५८ सभासदांना कर्ज दिलं. त्यांपैकी ३१ जणांना पहिल्या वर्षी, आणि निधी संपल्यामुळे २७ जणांना दोन वर्षांनी. हेतू चांगला होता : दुष्काळात चारा मिळावा, पाणी वाचावं. पण ठिबकने एकरी पाणी वाचलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी एक पट्टी भिजवायचा मोह होतो, आणि एकूण उपसा होता तेवढाच राहू शकतो किंवा वाढूही शकतो. अनुकूलनासाठी केलेलं कामच धोका वाढवू लागलं, तर त्याला अभ्यासात ‘मालअ‍ॅडॅप्टेशन’ म्हणतात. आपण त्याला उलटं पडलेलं अनुकूलन म्हणू.

इथे बरेच अर्जदार कचरतात. स्वतःच्या संस्थेवर शंका कशी घ्यायची? माझं मत उलट आहे. ‘आमच्या संस्थेच्या कर्जामुळे उपसा वाढला असावा अशी मला शंका आहे, आणि ती तपासायची आहे’ हे वाक्य त्या अर्जातलं सगळ्यांत वजनदार वाक्य ठरतं. फक्त त्यात ‘शंका’ हा शब्द हवा. निकाल आधीच सांगून टाकला, तर पदवी कशासाठी हवी आहे?

प्रश्न बांधणं

‘हवामान बदलाचा ग्रामीण पाणीटंचाईवर होणारा परिणाम’ हे शीर्षक झालं, त्यात प्रश्न नाही. प्रश्नाला एकक लागतं, काळ लागतो, तुलना लागते आणि तो चुकीचा ठरण्याची वाट मोकळी असावी लागते. आपल्या अर्जदाराचा मुख्य प्रश्न असा उतरला :

‘चारा-ठिबक कर्ज मिळाल्यानंतरच्या दोन वर्षांत सभासदाचं उन्हाळी भिजवलेलं क्षेत्र, अजून कर्ज न मिळालेल्या सभासदांच्या तुलनेत, वाढलं का?’

यातली ‘अजून’ या शब्दाची जागा पाहा. कर्ज घेतलेले आणि कधीच न मागितलेले अशी सरळ तुलना फसवी ठरते, कारण कर्ज मागतो तोच ज्याच्या विहिरीला आधीपासून पाणी बरं आहे. पण मागितलं असूनही दोन वर्षं थांबावं लागलेले ते २७ सभासद पहिल्या ३१ जणांसारखेच आहेत, निदान पुष्कळसे. प्रतीक्षा यादीमुळे तुलनेचा गट आयता मिळाला. पण यादीचा क्रम कसा लागला होता तेही लिहायला हवं. अर्ज आल्याच्या क्रमाने लागला असेल तर ठीक. संचालकांच्या ओळखीने लागला असेल तर तुलना कमकुवत होते आणि तसं सांगून टाकावं.

भिजवलेलं क्षेत्र मोजायचं कसं? सभासदाला विचारून आकडा मिळतो, पण विचारणारा माणूस कर्जखात्यातला आहे. त्याच्यासमोर कोण म्हणेल की वाचलेल्या पाण्यावर मी आणखी एकर भिजवला? म्हणून मुलाखती दुसऱ्याने घ्याव्यात आणि क्षेत्र उपग्रहचित्रांवरून पडताळावं. सेंटिनेल-२ ची चित्रं मोफत आहेत, त्यांतला एक ठिपका १० मीटरचा असतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात हिरवी पट्टी त्यांत सहसा वेगळी उठून दिसते. मात्र दहा गुंठ्यांच्या आतले तुकडे त्यात चुकू शकतात. ही मर्यादा एसओपीत एका वाक्यात सांगा.

दुसरा प्रश्न नियमांचा आहे. सामायिक संसाधनं लोक स्वतःच्या नियमांनी कशी सांभाळतात यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नियम टिकायचे तर कोण आत आणि कोण बाहेर ही सीमा स्पष्ट हवी, असं त्यांच्या मांडणीतलं एक सूत्र आहे. आपल्या अर्जदारापुढची अडचण नेमकी तिथेच आहे. संस्थेची सीमा २१२ सभासदांची आहे, आणि जमिनीखालच्या पाण्याला सभासदत्व माहीत नाही. सभासदाने उपसा कमी केला आणि बांधापलीकडच्या बिगरसभासदाने वाढवला, तर नियम महिनाभर टिकणार नाही. म्हणून प्रश्न असा : ‘एकाच भूजलपट्ट्यात सभासदांचं प्रमाण किती असलं, तर उन्हाळी चाऱ्यावरच्या मर्यादेचा नियम पाळायला सभासद तयार होतात?’ मास्टर्सच्या प्रबंधात याचं पूर्ण उत्तर मिळणार नाही. दोन-तीन गटचर्चांतून त्याचा आराखडा मात्र मिळेल, आणि तेवढंच वचन द्यावं.

इतके दोन प्रश्न पुरे. पाच-सहा लिहिणाऱ्याने विषय अजून निवडलेला नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रबंधाला सहसा चार-पाच महिनेच हाती असतात.

‘हवामान बदल’ हे शब्द कुठे लिहायचे

आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२२ च्या अहवालात म्हटलं आहे की जगातली साधारण निम्मी लोकसंख्या वर्षातला काही काळ तरी तीव्र पाणीटंचाई अनुभवते, आणि त्याला हवामानाची तसेच हवामानाबाहेरची कारणं आहेत. लोक या वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलतात. तुमचा प्रश्न दुसऱ्या अर्ध्यात बसतो, म्हणून वाक्य पूर्ण घ्या.

एका गावाच्या दहा वर्षांच्या विहिरींवरून हवामान बदल सिद्ध होत नाही. हवामानाची ‘सामान्य’ सरासरी काढायलाच ३० वर्षांचा काळ धरतात. तेव्हा ‘हवामान बदलामुळे विहिरी आटल्या’ याऐवजी ‘लांबलेले खंड आणि वाढलेला उपसा यांत कुणाचा वाटा किती, हे आज माझ्याकडच्या नोंदींतून सांगता येत नाही, मला ते शिकायचं आहे’ असं लिहा. वाक्य नम्र आहे, आणि कुठला अभ्यासक्रम हवा हेही त्यातच आलं : भूजलशास्त्राचा एक, सांख्यिकीचा एक, दूरसंवेदनाचा एक. विद्यापीठाच्या यादीतून हे विषय शोधून त्यांची नेमकी नावं द्या. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ असं लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

कागदावर उतरवताना

शब्दमर्यादा ८०० धरली, तर मी निम्मी जागा पुरावा आणि प्रश्न यांना देतो. बालपण, पुरस्कार, वाचलेली पुस्तकं यांना जवळजवळ शून्य. सुरुवात साधारण अशी असावी :

‘सहा वर्षांपूर्वी मी संस्थेत रुजू झालो, तेव्हा उन्हाळ्यात सभासद पशुखाद्यासाठी उचल मागत. गेली दोन वर्षं ते बोअरसाठी कर्ज मागतात. मंडळाच्या परवानगीने मी कर्जवही आणि बारा विहिरींच्या पातळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. पावसाच्या बेरजेत मला स्पष्ट घट दिसली नाही. आम्ही चाऱ्यासाठी दिलेल्या कर्जांत मात्र वाढ दिसली. पाणी वाचवण्यासाठी दिलेल्या त्या कर्जाने उपसा वाढवला का, हे मला माहीत नाही. ते तपासण्याची पद्धत शिकण्यासाठी मी हा अर्ज करत आहे.’

यात एकही भपकेबाज विशेषण नाही, आणि हा परिच्छेद दुसऱ्या कुणी लिहिला असेल अशी शंका येत नाही. पुढच्या परिच्छेदात चाऱ्याचा हिशेब दोन ओळींत, मग मुख्य प्रश्न, प्रतीक्षा यादीची तुलना आणि तिची मर्यादा, मग नियमांचा प्रश्न. शेवटी पदवीनंतर काय, तेही संस्थेच्याच भाषेत : कर्जाच्या अर्जात विहिरीच्या पातळीचा रकाना घालणं, उन्हाळी चाऱ्याऐवजी पावसाळ्यातल्या मुरघासाला कर्ज देऊन पाहणं. ‘धोरणनिर्मितीत योगदान’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

मसुदा झाला की तो दोघांना द्या. एक जण संस्थेतला असा, ज्याला वही तोंडपाठ आहे. तो आकडे पकडेल. दुसरा असा, ज्याला दूध संस्था म्हणजे काय हेच माहीत नाही. ‘उचल’, ‘एसएनएफ’, ‘मुरघास’ यांपैकी कुठे तो अडखळतो ते पाहा आणि तिथे अर्धं वाक्य वाढवा.

आणि विहिरी आणि क्षेत्र मोजून झाल्यावर तुमची शंकाच खोटी निघाली, कर्ज घेतलेल्यांचं क्षेत्र वाढलेलं दिसलं नाही, तर आकडे दडपू नका आणि अर्जही फाडू नका. प्रश्न उलटा करून लिहा : अनेकदा वाढतं ते क्षेत्र इथे का वाढलं नाही? मजूर मिळाले नाहीत, विजेचे तास पुरले नाहीत, की बोअरनेच पाणी दिलं नाही? ही तीन उत्तरं तपासायची सुरुवात त्याच बारा विहिरी आणि त्याच कर्जवहीपासून करता येते.